ग्रेडवरून एसजीपीए काढताना SUMPRODUCT चं उत्तर मार्कशीटशी जुळत नाहीये (7.40 की 7.90?)

सायंतारा
नमस्कार मंडळी. मी गंगापूर रोडच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, दुसऱ्या वर्षाची क्लास टीचर आहे. निकाल लागला की पोरं मार्कशीट घेऊन येतात आणि सर्वांचा एसजीपीए एकदा आपल्याकडे काढून ताडून बघायचा अशी आमच्याकडे पद्धत आहे, तर त्यासाठी शीट आहे एक, त्यात B कॉलममध्ये क्रेडिट, C मध्ये ग्रेड, आणि बाजूला H-I मध्ये पॉइंटचा तक्ता. तक्ता यूजीसीचा नेहमीचाच, O ला 10, A+ ला 9, A ला 8, B+ ला 7, B ला 6, C ला 5, P ला 4, आणि F आणि Ab दोघांना 0.

D कॉलममध्ये ग्रेडचे पॉइंट येतात आणि खाली एसजीपीए:

```
D2:  =VLOOKUP(C2,$H$2:$I$10,2,0)
D11: =SUMPRODUCT(B2:B9,D2:D9)/SUM(B2:B9)
```

एका मुलीचं उदाहरण देते. गणित 4 क्रेडिट A, डेटा स्ट्रक्चर्स 4 क्रेडिट A+, डिजिटल 3 क्रेडिट B+, डेटा स्ट्रक्चर्सची लॅब 2 क्रेडिट O, डिजिटलची लॅब 1 क्रेडिट A+, ऑब्जेक्ट ओरिएंटेड 3 क्रेडिट B, कम्युनिकेशन 2 क्रेडिट B+, मिनी प्रोजेक्ट 1 क्रेडिट A. एकूण 20 क्रेडिट. मार्कशीटवर 7.90 आहे आणि माझ्या शीटमध्ये 7.40 येतंय. एरर वगैरे काही नाही, सरळ आकडा येतो, फक्त चुकीचा. वर्गातल्या बऱ्याच जणांचं असंच कमी येतंय पण सगळ्यांचं सारखं कमी नाही, कोणाचं 0.2 कोणाचं 0.6, आणि दोघा-तिघांचं तर अगदी बरोबर जुळतंय, त्यामुळे मला काही सुधरेना.

रामकुंड७
मॅडम मी पालक आहे, एवढं कळत नाही मला, पण तुम्ही दिलेले ग्रेड कागदावर मांडून आठ विषयांचे पॉइंट मिळवले तर 64 होतात आणि आठने भागलं की 8.00 येतं. म्हणजे 7.40 पण नाही आणि 7.90 पण नाही. मग मार्कशीटच चुकलंय असं तर नाही ना? माझी मुलगी पण याच वर्षाला आहे म्हणून विचारतो.

सायंतारा
नाही दादा, मार्कशीट बरोबर आहे, मी हातानेही काढलंय. तुम्ही जे केलंत ती साधी सरासरी झाली, त्यात 1 क्रेडिटची लॅब आणि 4 क्रेडिटचं गणित सारख्याच वजनाचं धरलं जातं. इथे प्रत्येक विषयाचे पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे, 4 × 8 = 32, 4 × 9 = 36, मग 21, 20, 9, 18, 14, 8, बेरीज 158, आणि 158 ला 20 ने भागलं की 7.90. या मुलीला O मिळालाय तो 2 क्रेडिटच्या लॅबमध्ये आणि B आहे तो 3 क्रेडिटच्या थिअरीत, म्हणून साध्या सरासरीपेक्षा तिचा एसजीपीए खाली आला. SUMPRODUCT नेमकं हेच करतं, जोडीजोडीने गुणतं आणि सगळं मिळवतं. म्हणूनच कळत नाहीये की घोळ कुठंय.

सिन्नरकर
मॅडम घोळ VLOOKUP मध्येच आहे, SUMPRODUCT ला काही झालेलं नाही. मी एमआयडीसीत कंपनीचे एमआयएस रिपोर्ट बनवतो, दिवसभर हेच काम. VLOOKUP ला तक्ता चढत्या क्रमाने लावलेला लागतो, तुमचा O पासून सुरू होतोय, म्हणून तो भलतीच ओळ उचलतोय. तक्ता सॉर्ट करा किंवा शेवटी FALSE टाका.
नाहीतर D कॉलमची भानगडच नको, एका फटक्यात होतं बघा:

```
=SUMPRODUCT(B2:B9,SUMIF($H$2:$H$10,C2:C9,$I$2:$I$10))/SUM(B2:B9)
```

मी तुमचे आठ विषय टाकून आत्ता बघितलं, 7.90 चोख येतंय.

सायंतारा
शेवटी 0 आहेच की सर, 0 म्हणजे FALSE च ना. तरी तक्ता सॉर्ट करून पाहिला, 7.40 च. तुमचा SUMIF वाला जसाच्या तसा चिकटवला, तरी 7.40!! तुमच्याकडे 7.90 आणि माझ्याकडे 7.40, तोच फॉर्म्युला, तेच ग्रेड. स्पेस वगैरे असेल म्हणून ग्रेड सगळे पुसून परत टाइप केले, तरी तेच.

सिन्नरकर
मग तक्त्यातले आकडे चुकले असतील, परत बघा एकदा. माझ्याकडे चालतंय म्हणजे फॉर्म्युला बरोबर आहे.

कोष्टक_काका
ताई, दोन गोष्टी सांगा. D कॉलममध्ये आठही ओळींत काय काय आकडे दिसतायत ते इथं लिहा, आणि फाइल कशात उघडताय, एक्सेल की आणखी कशात, फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे.

तोवर एक हिशोब करून ठेवतो. फरक 0.50 चा आहे आणि क्रेडिट 20, म्हणजे अंशातून 10 पॉइंट गळालेत. 158 च्या जागी 148 धरले जातायत. आता तुमच्या यादीतले अधिक चिन्ह असलेले ग्रेड बघा: डेटा स्ट्रक्चर्स 4, डिजिटल 3, त्याची लॅब 1, कम्युनिकेशन 2. या चौघांचे क्रेडिट बरोबर 10 होतात. प्रत्येक अधिकवाला ग्रेड एक पॉइंटने कमी धरला जातोय असं दिसतंय, A+ ला A चे 8 मिळतायत आणि B+ ला B चे 6. ज्या दोघा-तिघांचं जुळतंय म्हणता त्यांच्या मार्कशीटवर एकही अधिकवाला ग्रेड नसेल, बघा बरं.

सायंतारा
काका अगदी तसंच आहे! D मध्ये 8, 8, 6, 10, 8, 6, 6, 8 आहे. आणि जी मुलं जुळतायत त्यांना खरंच एकही प्लस नाही. फाइल .ods आहे, आमच्या लॅबला उबंटू आहे त्यामुळे लिब्रेऑफिसमध्ये उघडते. ही फाइल माझ्या आधी जे क्लास टीचर होते त्यांच्याकडून आली, त्यांना त्यांच्या आधीच्यांकडून, मी फक्त दर वर्षी नावं बदलते.

कोष्टक_काका
मग सापडलं. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये एक सेटिंग आहे, त्यात शोधायच्या मजकुराला रेग्युलर एक्स्प्रेशन समजलं जातं. त्या भाषेत अधिक चिन्हाचा अर्थ "आधीचं अक्षर एक किंवा जास्त वेळा" असा होतो. म्हणजे तुम्ही A+ शोधायला सांगता तेव्हा तो "एक किंवा अनेक A" असलेला सेल शोधतो. तक्त्यातल्या A+ च्या सेलशी ते जुळतच नाही, कारण त्यात A च्या पुढे अधिक हे वेगळं चिन्ह आहे. तो पुढे सरकतो, A चा सेल सापडतो, आणि 8 घेऊन येतो. B+ चंही तसंच. म्हणूनच एरर येत नाही, त्याच्या दृष्टीने त्याला बरोबर सापडलेलं असतं. SUMIF पण याच सेटिंगने चालतो म्हणून तोही 7.40 दाखवतो, आणि सिन्नरकरांच्या एक्सेलमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा हा प्रकार VLOOKUP-SUMIF ला लागू नाही म्हणून तिथे 7.90.

पूर्वी लिब्रेऑफिसमध्ये हे मुळातच चालू असायचं, 5.2 पासून नवीन फाइलला वाइल्डकार्ड चालू असतं. पण सेटिंग .ods फाइलबरोबर सेव्ह होतं, म्हणून जुनी फाइल नव्या मशीनवर उघडली तरी जुनंच वागणं घेऊन येते. तुमची फाइल पिढ्यानपिढ्या आलीय, तेव्हाच हे आत बसलंय.

Tools → Options → LibreOffice Calc → Calculate इथं जा, तीन पर्याय दिसतील, त्यातला No wildcards or regular expressions in formulas निवडा, फाइल सेव्ह करा, आणि Ctrl+Shift+F9 दाबून सगळं परत मोजायला लावा.

सायंतारा
झालं काका!! 7.90. दुसऱ्या पाच जणांचे पण जुळले. खूप खूप आभार, आठवडाभर डोकं खात होतं हे.

पण आता भीती वाटते की ही फाइल मी दुसऱ्या वर्गाच्या मॅडमना दिली आणि त्यांच्याकडे वेगळंच काही सेटिंग असलं तर? सेटिंगवर अवलंबून न राहता काही होतं का?

ओझरचा_ओम
इथे एसजीपीएचं चाललंय तर माझं पण सांगा, मला 7.90 ची टक्केवारी हवी आहे, एका ठिकाणी फॉर्म भरायचाय आणि त्यात टक्केच मागतात. 9.5 ने गुणायचं ना? मित्र म्हणतो 10 ने. 75.05 आणि 79 मध्ये खूप फरक पडतो हो.

देवळाली_कॅम्प
ओम, 9.5 हे सीबीएसईच्या दहावीच्या सीजीपीएसाठी होतं, तिथून सगळीकडे पसरलं. विद्यापीठाचं स्वतःचं रूपांतर असतं आणि ते विद्यापीठागणिक, कधी कधी अभ्यासक्रमागणिक वेगळं असतं. तुझ्या मार्कशीटच्या मागच्या बाजूला बघ, बहुतेक वेळा तिथंच छापलेलं असतं. नसेल तर परीक्षा विभागाकडून पत्र घे, फॉर्मवाले तेच मागतात शेवटी.

कोष्टक_काका
ताई, होतं की. शोधणाऱ्या फंक्शनच्या नादी लागायचंच नाही, थेट बरोबरच्या चिन्हाने ताडायचं. = हे चिन्ह रेग्युलर एक्स्प्रेशन बघत नाही, वाइल्डकार्डही बघत नाही, मजकूर जसा आहे तसा ताडतं, एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस तिन्हीकडे.

आणि माझं म्हणणं, एका मुलाला एक उभा तक्ता करण्यापेक्षा अख्खा वर्ग एका शीटवर घ्या. एका ओळीत एक विद्यार्थी. C पासून J पर्यंत आठ विषय, दुसऱ्या ओळीत त्यांचे क्रेडिट, चौथ्या ओळीपासून मुलं. पॉइंटचा तक्ता त्याच शीटवर N आणि O मध्ये उभा. मग K4 मध्ये:

```
=SUMPRODUCT((C4:J4=$N$2:$N$10)*$O$2:$O$10*$C$2:$J$2)/SUM($C$2:$J$2)
```

आत काय होतं ते नीट बघा. ग्रेड आडवे आहेत, तक्ता उभा आहे, म्हणून (C4:J4=$N$2:$N$10) ने नऊ ओळी आणि आठ स्तंभांची एक जाळी तयार होते. प्रत्येक विषयाच्या स्तंभात जिथे ग्रेड जुळला तिथे एकच 1, बाकी सगळीकडे 0. त्याला उभे पॉइंट गुणले की त्या स्तंभात फक्त मिळालेला पॉइंट उरतो, त्याला आडवे क्रेडिट गुणले की क्रेडिट गुणिले पॉइंट, आणि SUMPRODUCT शेवटी सगळं मिळवतं. त्या मुलीच्या ओळीत ही जाळी मिळवली की 158 येणार. एक आडवं आणि एक उभं असणं महत्त्वाचं आहे, दोन्ही उभे ठेवले तर पहिला ग्रेड पहिल्या ओळीशी, दुसरा दुसऱ्याशी असं ताडलं जातं आणि लांबी वेगळी म्हणून एरर येते.

डॉलर विसरू नका. क्रेडिटच्या ओळीचा डॉलर सुटला आणि फॉर्म्युला खाली ओढला की सहाव्या ओळीपासून क्रेडिटच्या जागी दोन ओळी वरच्या मुलाचे ग्रेड येतात. मजकुराशी गुणाकार होत नाही म्हणून #VALUE! येतं, ते बरंच आहे, निदान दिसतं तरी.

सिन्नरकर
काका फॉर्म्युला भारी आहे मान्य, पण ज्यांच्याकडे एक्सेल आहे त्यांना माझ्या SUMIF ने काय बिघडतंय? वाचायला पण सोपा आहे. एवढी जाळी-बिळी समजावून सांगायला कोण बसणार स्टाफला.

देवळाली_कॅम्प
मी सांगते काय बिघडतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसला निकालाचंच काम बघते. आमच्या लेजरवर ज्यांना ग्रेस मिळतो त्यांच्या ग्रेडपुढे फुली छापलेली असते, B* अशी, आणि ते पीडीएफमधून शीटमध्ये तसंच येतं. एक्सेलच्या VLOOKUP आणि SUMIF मध्ये * म्हणजे पुढे काहीही चालेल. आम्हाला VLOOKUP ने B* ला 7 मिळत होते कारण तक्त्यात B+ आधी येतो, तो त्याला चालला. SUMIF वापरून बघितलं तर त्याहून वाईट, B ने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी मिळवल्या, 7 आणि 6 मिळून 13. एका विषयाला दहापैकी तेरा पॉइंट!

सिन्नरकर
हे माझ्या डोक्यात नव्हतं. आमच्या पार्ट नंबरात फुली येत नाही कधी. मग फुली काढून टाकायची SUBSTITUTE ने, झालं.

देवळाली_कॅम्प
काढायची हो, =SUBSTITUTE(C4,"*","") ने निघते, तिथे फुलीला फुलीच समजलं जातं. पण फुली आहे हे आधी कळायला तर पाहिजे ना. त्यासाठीच विचारायचं होतं काका, तुमच्या फॉर्म्युल्यात B* आला तर तो कशाशीच जुळणार नाही, म्हणजे त्याला 0 मिळणार, आणि F ला पण 0 च. पोरगं पास असून नापासासारखं मोजलं जाईल आणि एररही नाही.

कोष्टक_काका
अगदी बरोबर पकडलंत. VLOOKUP चा एक गुण होता, सापडलं नाही की #N/A म्हणून ओरडायचा. हा फॉर्म्युला आणि SUMIF दोन्ही गप्प बसून शून्य देतात. म्हणून शेजारी L4 मध्ये एक तपासणी ठेवायचीच:

```
=SUMPRODUCT(--(C4:J4=$N$2:$N$10))
```

जाळीत किती 1 पडले ते हा मोजतो. आठ विषय तर 8 यायला हवेत. F तक्त्यात आहे म्हणून F वाल्यालाही 1 पडतो, पॉइंट भले 0 असोत. पण B*, किंवा मागे स्पेस राहिलेला "A+ ", किंवा रिकामा सेल असला तर 7 येईल. खरा नापास आणि न ओळखलेला ग्रेड यांच्यातला फरक इथे दिसतो. त्याच कारणाने तक्त्यातून F आणि Ab कधी काढू नका, "शून्यच आहे, कशाला लिहायचं" म्हणून बरेच जण काढतात.

वेबपेजवरून चिकटवलेल्या ग्रेडच्या मागे कधी कधी वेगळ्या जातीची स्पेस असते, TRIM ने जात नाही. ती =SUBSTITUTE(C4,UNICHAR(160),"") ने काढा.

देवळाली_कॅम्प
मस्त. आता माझं जुनं दुखणं सांगते, कोणाला तरी उपयोग होईल. आमच्याकडे एका शाखेचे एसजीपीए 0.02, 0.03 ने चुकत होते. राउंडिंग असेल म्हणून सगळे सोडून देत होते. सायंतारा मॅडमच्याच आकड्यांवर दाखवते. गणिताचं 4 क्रेडिट हे आकडा नसून मजकूर म्हणून पडलेलं होतं, सेलच्या कोपऱ्यात तो हिरवा त्रिकोण दिसतो ना तसं. स्वल्पविराम देऊन लिहिलेला SUMPRODUCT(B2:B9,D2:D9) मजकुराला शून्य समजतो, आणि खालचा SUM पण मजकूर सोडून देतो. म्हणजे गणित वरूनही गेलं आणि खालूनही गेलं, 126 भागिले 16, उत्तर 7.88. खरं 7.90. कोणाला संशय येणार सांगा?

तेच गुणाकाराच्या चिन्हाने SUMPRODUCT(B2:B9*D2:D9) असं लिहिलं तर एक्सेल गुणताना "4" चा 4 करून घेतं, वर 158 पूर्ण येतात, पण खाली SUM मात्र 16 च धरतो, उत्तर 9.88. हे लगेच डोळ्यात खुपतं. मला तर चुकायचंच असेल तर असं चुकलेलं परवडतं.

सायंतारा
बाप रे. 7.88 तर मी पण राउंडिंग म्हणूनच सोडलं असतं.

कोष्टक_काका
म्हणून 0.02 चा फरक राउंडिंगवर ढकलायचा नाही. एका सेमिस्टरच्या एसजीपीएत राउंडिंग फक्त शेवटी एकदाच होतं, दोन दशांशांपर्यंत, त्यामुळे फरक पडला तर 0.01 चाच, तोही कोणी वर गोल न करता नुसतं तोडलं तर. त्याहून जास्त असेल तर काहीतरी गळालंय.

क्रेडिट आकडे आहेत की नाही ते COUNT सांगतो, तो फक्त आकडेच मोजतो. दोन्ही तपासण्या घालून K4 असा करा:

```
=IF(AND(L4=8,COUNT($C$2:$J$2)=8),ROUND(SUMPRODUCT((C4:J4=$N$2:$N$10)*$O$2:$O$10*$C$2:$J$2)/SUM($C$2:$J$2),2),"तपासा")
```

8 मुद्दाम हाताने लिहिलंय. तिथे L4=COUNT($C$2:$J$2) असं केलं की एक ग्रेड न जुळलेला आणि एक क्रेडिट मजकूर असं दोन्ही एकदम झालं तर 7 बरोबर 7 होऊन निसटून जातं.

रामकुंड७
मंडळी मी मघापासून वाचतोय, क्रेडिटचं आता कळलं. मुलीचे दोन सेमिस्टर झालेत. समजा पहिल्याचं त्या मॅडमच्या विद्यार्थिनीसारखं 7.90 आणि दुसऱ्याचं 8.42, तर मिळून 8.16 ना? का तिथे पण काही वजन आहे?

देवळाली_कॅम्प
आहे दादा. सीजीपीए काढताना सेमिस्टरचे एकूण क्रेडिट वजन म्हणून धरायचे. समजा पहिलं 20 क्रेडिटचं आणि दुसरं 24 चं. पहिल्यात 158 पॉइंट, दुसऱ्यात 202 पॉइंट (202 भागिले 24 म्हणजे ते 8.42). एकूण 360 भागिले 44, उत्तर 8.18. तुमच्या 8.16 पेक्षा जरा वर, कारण जास्त क्रेडिटच्या सेमिस्टरला मार्क चांगले पडले. दोन्ही सेमिस्टर सारख्या क्रेडिटचे असतील तर मात्र साधी सरासरी आणि हे एकच येतं. शीटमध्ये एसजीपीएबरोबर एकूण क्रेडिट पण ठेवा म्हणजे हे पुढे सोपं जातं:

```
=SUMPRODUCT(B2:B3,C2:C3)/SUM(B2:B3)
```

B मध्ये क्रेडिट, C मध्ये एसजीपीए.

रामकुंड७
आभारी आहे ताई. आज रात्री मुलीला बसवून तिच्याकडून करून घेतो.

सिन्नरकर
काका तुमचा शीट बनवून पाहिला, B* टाकला की खरंच "तपासा" येतं. एक सुचवू का, त्या तक्त्याला नाव देऊन टाकावं, N2:N10 ला ग्रेड आणि O2:O10 ला पॉइंट, म्हणजे फॉर्म्युला वाचताना माणसाला कळतं काय चाललंय आणि डॉलरची कटकट पण जाते. आम्ही कंपनीत असंच करतो.

कोष्टक_काका
चांगली सूचना, जरूर करा. तक्ता मध्ये कुठे वाढला, समजा एखाद्या अभ्यासक्रमाला D ग्रेड असला आणि मधली ओळ घातली, तर नाव दिलेली जागाही आपोआप वाढते. शेवटच्या ओळीच्या खाली लिहिलं तर वाढत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

सायंतारा
काका शेवटचं एक. वर्गात तीन जणांचा F आहे. यूजीसीच्या पद्धतीने F चे क्रेडिट खालच्या बेरजेत धरायचे आणि पॉइंट 0, असं मी समजते, तुमचा फॉर्म्युला पण तेच करतो. म्हणजे त्या मुलीला गणितात F असता तर 158 मधून 32 गेले असते, 126 भागिले 20, म्हणजे 6.30. पण त्या तिघांच्या मार्कशीटवर एसजीपीएच्या जागी नुसती रेघ आहे. आणि पुढच्या परीक्षेत विषय सुटला की जुना F पुसून नवा ग्रेड घ्यायचा, का दोन्ही धरायचे?

देवळाली_कॅम्प
आमच्याकडे सुटला की नवा ग्रेड घेतात, जुना F फक्त रेकॉर्डला राहतो. सुटेपर्यंत रेघच असते, आकडा देत नाहीत.

सिन्नरकर
माझ्या भावाच्या कॉलेजला तर F असतानाही आकडा छापून आला होता, अगदी चार पॉइंट काहीतरी. दुसरं विद्यापीठ होतं ते.

कोष्टक_काका
दोन्ही प्रकार मी पाहिलेत. हे फॉर्म्युल्याने ठरत नाही, तुमच्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीत परीक्षेचं प्रकरण असतं त्यात बघावं लागेल. रेघ छापतात म्हणजे F असताना एसजीपीए जाहीर करत नाहीत असं दिसतंय. मग शीटमध्येही तसंच ठेवा, बाहेरून एक अट लावा:

```
=IF(COUNTIF(C4:J4,"F")+COUNTIF(C4:J4,"Ab")>0,"-",K4)
```

COUNTIF सुद्धा तेच शोधायचं सेटिंग बघतो, पण F आणि Ab मध्ये अधिक किंवा फुली नाही, त्यामुळे इथे धोका नाही. सुटल्यानंतरचा ग्रेड कुठला धरायचा ते नियमावलीत सापडलं की इथं नक्की लिहा.

सायंतारा
उद्या परीक्षा विभागातून नियमावली मागवते. आमच्या बॅचला सुटलेल्या विषयाचा ग्रेड एक पायरी खाली आणतात असं एक सर म्हणत होते, ते खरं असेल तर तक्त्याच्या शेजारी आणखी एक कॉलम लागेल. कोणाकडे असं करतात का?

देवळाली_कॅम्प
आमच्याकडे नाही असं. पण तसं असलं तर दुसरा कॉलम P मध्ये घ्या आणि कोणता ग्रेड बॅकलॉगचा आहे याची खूण वेगळ्या ओळीत ठेवा, ग्रेडच्याच सेलमध्ये चिन्ह जोडू नका, नाहीतर परत ती फुलीचीच भानगड.